नंबरात भरलेले स्वल्पविराम

आमच्या घरात कोणाच्या मोबाइलचं काही अडलं की मला बोलावतात. यात माझं कर्तृत्व एवढंच की फार पूर्वी मामांच्या फोनवर रिंग आली की टॉर्च लागायचा, तो मी बंद करून दिला होता. कसा बंद झाला ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण मामांनी आमच्या लिंबायत वस्तीभर सांगितलं की धाकट्याला यातलं सगळं कळतं, आणि तेव्हापासून मी कळल्यासारखा चेहरा करून वावरतो. कापड मार्केटातल्या दुकानात पार्सलं रवाना करणाऱ्या माणसाला एवढा मान पुष्कळ झाला.

त्यामुळे दादाच्या नोकरीवर आलं तेव्हाही फोन मलाच आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर फोरमन. जेट म्हणजे कापड रंगाच्या गरम पाण्यात दाबाखाली फिरवणारं बंद भांडं, कुकरचा थोरला भाऊ म्हणा. त्यातून एक मोठा लॉट डागाळून निघाला. मिलचं म्हणणं, फोरमननं घाई केली, कापड पुरतं शिजू न देता मशीन उघडलं. दादाचं म्हणणं, मधेच बॉयलरची वाफ पडली, दाब उतरला, मशीन थंड झालं, त्याला तो काय करणार. मिलनं त्याला घरी बसवलं आणि सांगितलं, मुंबईचे साहेब फोनवर चौकशी करतील.

चौकशीचा मेसेज त्याच्या मोबाइलवर आला. उद्या सकाळी अकराला कॉन्फरन्स कॉल. या नंबरावर फोन लावा, विचारल्यावर हा कोड दाबून हॅश दाबा, बीप वाजल्यावर आपलं नाव सांगा आणि पुन्हा हॅश दाबा. खाली एक ओळ होती, ती वहिनीनं मला तीनदा वाचायला लावली. अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत हजर न झाल्यास एकतर्फी निर्णय घेतला जाईल.

"एकतर्फी म्हंजे?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे दादाचं न ऐकताच ठरवतील."

"मंग ते त रोजच करतस," दादा म्हणाला. घरात आमची अहिराणी चालते, मधून मधून मराठीही. दादा चिडला की त्याची अहिराणी आणखी घट्ट होते.

खरी अडचण दादाच्या बोटांची होती. इतकी वर्षं रंगात, सोड्यात आणि गरम कापडात घालून त्याच्या अंगठ्याची कातडी अशी झाली आहे की काचेचा स्क्रीन तिला ओळखतच नाही. एक आकडा दाबला तर कधी उमटत नाही, कधी दोनदा उमटतो. त्याला लांबलचक कोड दाबायला सांगणं धोक्याचं होतं. तेव्हा मी म्हणालो, "काळजी करू नका. सगळा कोड नंबराच्या पोटातच भरून ठेवू. एक बोट लावायचं, बाकी फोन आपोआप करील."

हे मी दुकानात बघितलेलं होतं. आमचे शेठ एका कंपनीच्या आतल्या एक्स्टेन्शनला असाच फोन लावतात. नंबराच्या पुढं स्वल्पविराम टाकला की फोन उचलल्यानंतर मोबाइल दोनेक सेकंद थांबतो आणि मग पुढचे आकडे स्वतःच वाजवतो. दादाच्या मोबाइलची भाषा मराठी आहे. नंबर भरताना मेनू उघडला तर त्यात दोन गोष्टी होत्या: '2-सेकंद विराम जोडा' आणि 'प्रतीक्षा जोडा'. वहिनी खांद्यावरून बघत होती.

"हाई प्रतीक्षा कोन शे?" तिनं दादाला विचारलं.

"मले काय माहीत. यालेच इचार, यानी आनी."

मी समजावून सांगितलं की प्रतीक्षा म्हणजे नुसतं थांबणं. ती निवडली की नंबरात अर्धविराम पडतो आणि मोबाइल आपण सांगेपर्यंत पुढचे आकडे पाठवत नाही. आपल्याला ती नको, आपल्याला विराम हवेत, सगळं आपोआप व्हायला हवं. वहिनीला एवढंच कळलं की प्रतीक्षा नको आहे, आणि ती समाधानानं स्वयंपाकाकडे वळली.

आता विराम किती टाकायचे हा प्रश्न होता. त्यासाठी मी नुसता नंबर लावून बघितला. हिरवं बटण दाबल्याबरोबर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागलो. आधी ती सायबर फसवणुकीची सरकारी सूचना वाजली. अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका वगैरे. मग रिंग. मग एका बाईनं इंग्रजीत स्वागत केलं आणि कोड मागितला. तिथं मी फोन कापला आणि जेवढा वेळ लागला त्याला पुरतील एवढे स्वल्पविराम नंबरात ओतले. पुढं कोड, हॅश, मग नाव सांगायला म्हणून आणखी काही स्वल्पविराम आणि शेवटी पुन्हा हॅश. तो नंबर एवढा लांब झाला की स्क्रीनवर मावेना.

"कोड घालून बघ ना एकदा," दादा म्हणाला.

"नको. ओटीपीसारखा असतो तो. एकदा वापरला की संपला. उद्या ऐन वेळी चालणार नाही."

हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की माझा स्वतःचाही विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात उशिरा येतो म्हणून सांगून सकाळीच त्यांच्याकडे गेलो. दादा न्हाऊन, केसांना तेल लावून, लग्नातला शर्ट घालून खाटेवर बसला होता. शेजारच्या शेडमधले कापड विणायचे लूम नेहमीसारखे खडखडत होते. त्या आवाजात आमच्या गल्लीत लोक जन्मभर बोलतात, पण मुंबईच्या साहेबांना तो कसा वाटेल म्हणून वहिनीनं खिडक्या लावल्या. मग पंख्याचाही आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. दादाच्या शर्टाची पाठ तिथल्या तिथं भिजली.

"फोनवर घाम दिसस का?" वहिनी म्हणाली.

"आवाजमां येस," दादा म्हणाला. हसलं कोणीच नाही.

अकरा वाजले. मी त्याच्या हातात फोन दिला आणि कॉन्टॅक्टवर बोट ठेवायला सांगितलं. त्याचं बोट या वेळी पहिल्याच झटक्यात लागलं. मला तो शकुन वाटला. आम्ही फोन स्पीकरवर ठेवला. सायबरची सूचना वाजली, रिंग वाजली, बाईनं स्वागत केलं. कोड द्या म्हणाली.

काहीच झालं नाही.

बाईनं पुन्हा कोड मागितला. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. मी हात वर करून सगळ्यांना धीर धरायला सांगत होतो, जसं काही मीच आतून आकडे ढकलत होतो. बाई पुढं म्हणाली, आपल्याकडून काही मिळालं नाही, धन्यवाद, आणि फोन कापला.

"हाई काय झायं?" दादानं विचारलं.

"नेटवर्क," मी म्हणालो. काही कळलं नाही की मी नेटवर्क म्हणतो.

पुन्हा लावला. पुन्हा तसंच. पण या वेळी मी स्क्रीन नीट बघत होतो. सायबरची सूचना चालू असताना आणि रिंग जात असताना वेळेचा आकडा हललाच नव्हता. बाईनं फोन उचलला तेव्हा कुठं तो शून्यापासून चालू झाला. मोबाइलचे विराम तिथून सुरू होत होते, आणि मी तर हिरवं बटण दाबल्यापासूनचा सगळा वेळ, ओटीपीची सूचना आणि रिंग धरून, स्वल्पविरामांत मोजला होता. बाई कोड मागून, वाट बघून, कंटाळून फोन ठेवत होती आणि आमचा मोबाइल अजून विरामच घेत होता. माझ्या थाटानं भरलेल्या त्या नंबरानं आमची पाच मिनिटं खाल्ली होती.

"दादा, मीच कोड दाबतो. तुम्ही कालचा नुसता नंबर लावा. वहिनी, कोड वाचा."

मेसेज मी कालच माझ्या मोबाइलवर पाठवून घेतला होता, तो वहिनीनं उघडला. मी दादाच्या मोबाइलवर कीपॅड उघडून बसलो. बाईनं कोड मागितला. वहिनी वाचायला लागली. ती आकडे सुटे वाचत नाही. लहानपणी पाढे म्हणावेत तशी जोड्या करून वाचते.

"अठ्ठेचाळीस... एकोणसाठ..."

मी दाबलं.

"मंग सदोतीस, आनि एक."

मी हॅश दाबला. बाई म्हणाली, हा कोड बरोबर नाही.

"काय दाबं तू एकोणसाठले?" दादानं विचारलं.

"सहा, नऊ."

दादानं माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात पुन्हा कधी एकोणसाठ विसरणार नाही. "एकोणसाठ म्हंजे साठले एक कमी. पाच, नऊ. मार्केटमां पार्सल कसा मोजस रे तू?"

"एकेक आकडा वाचा ना वहिनी, जोड्या कशाला करता," मी म्हणालो.

"माझ्यावर नको ढकलू, भाऊजी. बरोबरच वाचलं मी."

बरोबरच वाचलं होतं तिनं. पण तोवर बाईनं तो फोनही कापला होता.

दादानं मिलच्या मॅनेजरला फोन लावला, थोडा वेळ द्या म्हणून. लागला, पण उचलला नाही. ते त्याच कॉन्फरन्समध्ये बसलेले असणार. दादाचे हात मांडीवर होते, ते त्यानं उलटे करून तळवे बघितले आणि पुन्हा सरळ केले. वहिनीनं घड्याळाकडे बघायचं बंद केलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि ते घड्याळापेक्षा वाईट होतं.

"एकतर्फी," दादा हळूच म्हणाला. "तेच होई आते."

तेव्हा मला ती नको असलेली प्रतीक्षा आठवली. मी कॉन्टॅक्ट उघडला आणि पुढचे स्वल्पविराम एकेक करून पुसायला लागलो. एकदा बॅकस्पेस जास्त दाबला गेला, नंबराचाच शेवटचा आकडा गेला, तो पुन्हा टाकला. मग मेनूमधून 'प्रतीक्षा जोडा' दाबलं. नंबरापुढं एक अर्धविराम पडला. शाळेत शिकवलं होतं की अर्धविराम स्वल्पविरामापेक्षा जरा जास्त थांबतो. इथं तो आपण हो म्हणेपर्यंत थांबतो. हे गुरुजींनी सांगितलं असतं तर मी व्याकरणाकडे जास्त लक्ष दिलं असतं. त्याच्यापुढं कोड, हॅश, मग नावासाठी ठेवलेले स्वल्पविराम आणि शेवटचा हॅश, तो भाग तसाच राहू दिला.

"आता स्क्रीनवर विचारील, टोन पाठवायचे का. बाई बोलायची थांबली की होय दाबायचं. फोन कानाला लावायचा नाही, स्क्रीन काळा होतो, मग काही दिसत नाही."

"तूच दाब," दादानं फोन माझ्याकडे सरकवला.

लावला. सूचना. रिंग. बाई. तिचं स्वागत सुरू झालं तोच स्क्रीनवर चौकट आली: 'खालील टोन पाठवायचे?' खाली होय आणि नाही. माझा अंगठा होयच्या वर तरंगत होता. बाईनं कोड मागितला आणि थांबली. मी होय दाबलं.

फोनमधून कोडचे आकडे भराभर वाजले. मग हॅश. क्षणभर काही नाही. मग बाई म्हणाली, आभारी आहे, बीपनंतर आपलं नाव सांगा आणि हॅश दाबा.

बीप वाजला.

आता दादानं फक्त नाव सांगायचं होतं. पण बाईनं कोड मानला म्हणून तो सुटकेचा श्वास सोडून फोनकडे बघत राहिला. मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्या स्वल्पविरामांचा वेळ चालू होता आणि तो संपला की मोबाइल हॅश वाजवणार होता, हे मला बोलून सांगायची सोय नव्हती. वहिनीला राहवलं नाही. पण ती नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात घेतलं तेवढंच.

"अहो, बोला ना, काय बघत बसलात," ती म्हणाली.

टुक. हॅश गेला.

फोनमध्ये एक घंटी वाजली. बाई इंग्रजीत म्हणाली, "नाऊ जॉइनिंग," आणि तिच्या पाठोपाठ त्या सगळ्या कॉन्फरन्समध्ये आमच्या वहिनीचा आवाज घुमला: "अहो, बोला ना, काय बघत बसलात."

पलीकडे कोणी तरी काही वाचून दाखवत होतं, ते थांबलं. वहिनीनं पदर तोंडात धरला. मी डोळे मिटून घेतले.

"कौन है?" एक जाड आवाज आला. हेच मुंबईचे साहेब.

दादानं आता आपलं नाव सांगितलं, खातं सांगितलं, आणि म्हणाला, "साहेब, हजर हूँ. फोन नहीं लग रहा था."

"मैं अनुपस्थित लिखवा रहा था."

"हाँ साहेब. काट दीजिए." दादा नम्रपणे म्हणाला, पण आवाज असा होता की जणू लॉटच्या कागदावर चुकीची लिहिलेली रंगाची शेड खोडायला सांगतोय.

थोडा वेळ कागदांची सळसळ. मग साहेब म्हणाले, "ठीक है. वो बोल रही थीं कि बोलिए, तो बोलिए."

दादा बोलला. मशीन कुठल्या तापमानापर्यंत चढलं होतं, किती वेळ धरायचं होतं, आणि मधेच वाफ कशी पडली. वाफ पडल्यावर त्यानं बॉयलरवाल्याला हाक मारली होती. मशीन त्यानं वेळेच्या आधी उघडलं नव्हतं, उलट जास्त थांबला होता. पण कापड एकदा थंड झालं की पुन्हा तापवून सगळीकडे रंग सारखा धरत नाही. साहेबांनी एकच गोष्ट चार तऱ्हांनी विचारली. दादानं चारही वेळा तीच सांगितली. मॅनेजर मधून मधून गुजरातीत काही तरी पुटपुटत होते. बॉयलरवाल्यालाही त्यांनी लाइनवर घेतलं होतं. तो एकदाच बोलला, वाफ त्या दिवशी कमी होती, पण किती ते आठवत नाही.

बंद खोलीत आम्हाला श्वास लागत होता. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक है. आप ड्रॉप हो जाइए. हम बात करके बताते हैं."

दादानं माझ्याकडे बघितलं. ड्रॉप म्हणजे काय ते त्याला कळलं नाही हे मला दिसत होतं. मी फोन कापायची खूण करणार तोच पलीकडून मॅनेजरांचा आवाज आला. त्यांना वाटलं असावं की दादा गेला. या लाइनवर कोणी शिरलं की नाव वाजतं, गेलेल्याचं काही वाजत नसावं.

"साहेब, स्टीमनी वात तो साची छे," मॅनेजर म्हणाले. "पण लॉट तो बगड्योच ने. पार्टीने शुं कहेवानुं..." वाफेची गोष्ट खरी, पण लॉट तर बिघडलाच, आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असं ते म्हणत होते.

मी हात वर केला, थांब म्हणून. वहिनीनं माझ्यावर कडी केली, तिनं दादाचा दंडच धरला. ऐकू द्या, गप्प बसा, एवढा अर्थ त्या पकडीत होता. नुसतं बसून राहिलं की दोन मिनिटांत सगळं कळणार होतं. कोणाला पत्ता लागला नसता.

दादा पुढं वाकला. "साहेब, मी अजून लाइनवर शे," तो म्हणाला. घाईत अहिराणीच निघाली. मग सुधारून म्हणाला, "मैं लाइन पर हूँ, साहेब. मुझे समझा नहीं कि कैसे जाना है."

वहिनीनं त्याचा दंड सोडला आणि कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं. मिळालेला दरवाजा यानं आतून लावून घेतला.

"सुन लिया आपने?" साहेबांनी विचारलं.

"जितना बोले उतना सुना."

"हं." मॅनेजर खाकरले, तसे साहेब म्हणाले, "तो फिर अब पूरा सुन लीजिए. आप कल से पहली पाली में आइए. फोरमन का काम अभी नहीं मिलेगा. बॉयलर की रिपोर्ट आने तक मशीन पर रहिए. रिपोर्ट आई तो देखेंगे. मंजूर?"

दादानं वहिनीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "कौन सी मशीन, साहेब?"

"वही."

"उसका स्टीम का व्हॉल्व्ह देखना पड़ेगा पहले."

"कल आकर देखिए," साहेब म्हणाले. "अब लाल बटन दबाइए."

या वेळी दादाचं बोट लागेना. दोनदा, तीनदा दाबलं. मी मदतीला हात पुढं केला तर त्यानं तो बाजूला सारला आणि चौथ्या वेळी फोन कापला.

वहिनीनं उठून पंखा लावला आणि खिडक्या उघडल्या. शेजारच्या लूमचा खडखडाट एकदम घरात आला. दादा शर्टाची बटणं सोडत बसला होता. मी काही तरी बोलावं म्हणून म्हणालो, "मशीनवर तर मशीनवर. काम तर राहिलं."

"इतली वर्षं मी दुसरास्ना मशीनना व्हॉल्व्ह बघी ऱ्हायनू," दादा म्हणाला. "आते आपला बघसू." रागानं म्हणाला की बऱ्या मनानं, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

वहिनी पिठाचा डबा काढून त्यात किती उरलंय ते बघत होती. पहिली पाळी म्हणजे घरून अंधारातच निघावं लागतं.

"म्हंजे आते पहाटे उठीसन भाकरी," ती डब्याकडे बघत म्हणाली.